पाण्यात बुडवलेलं भिंग: दोन बाजूंच्या त्रिज्या वेगळ्या असतील तर नाभीय अंतर कसं काढायचं

एक काचेचं बहिर्गोल भिंग घेऊ. त्याची एक बाजू जास्त फुगीर आहे, तिची वक्रता त्रिज्या १० सेंमी. दुसरी थोडी चपटी, तिची १५ सेंमी. काचेचा अपवर्तनांक १.५ धरू. उन्हात धरलं की हे भिंग १२ सेंमीवर सूर्याचा ठिपका पाडतं. आता हेच भिंग पाण्यानं भरलेल्या फिश टँकमध्ये पूर्ण बुडवलं, तर ठिपका किती लांब पडेल?

उत्तर ४८ सेंमी. बरोबर चौपट. बारावीच्या तयारीत बहुतेक मुलं हे "पाण्यात चौपट" पाठच करतात, आणि तिथेच पुढच्या चुकांचं मूळ असतं. चौपट हा नियम नाही, १.५ अपवर्तनांकाची काच आणि साधं पाणी या जोडीपुरता तो निघतो. शिवाय भिंगाची एक बाजू पाण्यात आणि दुसरी हवेत असेल तर तो साफ चुकतो. म्हणून हे गणित पाठांतरानं नाही, एकेक पृष्ठ धरून करायला शिकू आणि शेवटी टाकीत पडताळून पाहू.

आधी सूत्र, आणि त्यातल्या दोन भागांची ओळख

भिंगकाराचं सूत्र, वर्गात आपण ज्याला लेन्समेकर्स इक्वेशन म्हणतो, ते पाण्यासाठी असं लिहायचं:

```
1/f = (n_g/n_w - 1) × (1/R1 - 1/R2)
```

यात n_g म्हणजे काचेचा अपवर्तनांक आणि n_w म्हणजे भोवतालच्या पाण्याचा. हवेत n_w च्या जागी १ येतो आणि पहिला कंस नेहमीचा n_g − १ होतो.

दोन कंसांकडे वेगवेगळं बघायची सवय लावून घ्या. पहिल्या कंसात फक्त पदार्थ आहेत: काच कोणती आणि तिच्या भोवती काय. दुसऱ्या कंसात फक्त आकार आहे. भिंग हवेतून पाण्यात गेलं म्हणून त्याचा आकार बदलत नाही, त्यामुळे दुसरा कंस जसाच्या तसा राहतो. त्रिज्या असमान असल्या तरी पाण्याचा परिणाम मोजताना त्या असमानतेनं काही वेगळं घडत नाही, निदान दोन्ही बाजूंना पाणी असेपर्यंत.

पहिली पायरी: त्रिज्या मोजा आणि चिन्हं लावा

त्रिज्या मोजायला शाळा-कॉलेजातला स्फेरोमीटर पुरतो. तीन पाय भिंगावर टेकवायचे, मधला स्क्रू पृष्ठाला लागेपर्यंत फिरवायचा. पायांमधलं अंतर l आणि सपाट काचेच्या तुलनेत स्क्रूची उंची h असेल, तर:

```
R = l²/(6h) + h/2
```

पायांमधलं अंतर ३.५ सेंमी असेल तर आपल्या भिंगाच्या फुगीर बाजूवर h साधारण २.०६ मिमी येते आणि चपट्या बाजूवर १.३७ मिमी. हा फरक डोळ्यांना चटकन दिसत नाही, स्फेरोमीटरला मात्र लगेच कळतो. भिंगाचा व्यास ५ सेंमीच्या आसपास हवा, नाहीतर तिन्ही पाय त्यावर मावत नाहीत. मोजून झालं की फुगीर बाजूच्या कडेला मार्करनं एक खूण करून ठेवा. पुढे ती लागणार आहे.

आता चिन्हं. प्रकाश डावीकडून उजवीकडे जातोय असं धरायचं. पृष्ठाचा वक्रता मध्य पृष्ठाच्या उजवीकडे असेल तर R धन, डावीकडे असेल तर ऋण. द्विबहिर्गोल भिंगात प्रकाश आधी फुगीर बाजूवर पडत असेल तर R1 = +१० आणि R2 = −१५. सूत्रात मुळातच वजाबाकी आहे, त्यामुळे दोन वजा मिळून अधिक होतं:

```
1/R1 - 1/R2 = 1/10 - 1/(-15) = 1/10 + 1/15 = 1/6
```

नव्यानं शिकणाऱ्यांची सर्वांत जास्त होणारी चूक इथलीच आहे. R2 चं ऋण चिन्ह विसरलं की १/१० − १/१५ = १/३० येतं, आणि हवेतलं नाभीय अंतर १२ ऐवजी ६० सेंमी निघतं. गणित सुरळीत चालतं, उत्तर धनच येतं, त्यामुळे काही खटकत नाही. खरं तर तुम्ही वेगळ्याच भिंगाचं गणित केलेलं असतं: दोन्ही बाजू एकाच दिशेला वाकलेल्या, चष्म्याच्या काचेसारख्या भिंगाचं.

ही चूक पकडायला एक सोपी खूण आहे. १.५ अपवर्तनांकाच्या द्विबहिर्गोल भिंगाचं हवेतलं नाभीय अंतर नेहमी दोन त्रिज्यांच्या मध्ये कुठेतरी येतं. आपलं १२ हे १० आणि १५ च्या मध्ये आहे. ६० आलं तर चिन्ह तपासा. पाण्याचं गणित करण्याआधी हवेचं करून ही खूण बघून घ्यावी, असं मी आग्रहानं सांगेन; पाण्यातली उत्तरं मोठी असतात आणि ४८ खरं की २४० खरं हे नुसत्या नजरेनं ठरवता येत नाही.

दुसरी पायरी: सूत्रात पाणी घाला

साध्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, म्हणजे ४/३ घ्यायला हरकत नाही. मग:

```
n_g/n_w = 1.5 ÷ (4/3) = 9/8
1/f = (9/8 - 1) × 1/6 = 1/8 × 1/6 = 1/48
f = 48 सेंमी
```

इथेही एक ठरलेली चूक आहे. पुष्कळ जण पहिल्या कंसात भागाकाराऐवजी वजाबाकी करतात: १.५ − १.३३३ = १/६. त्यानं f = ३६ येतं. हे उत्तर पूर्ण निरर्थक नाही, पण ते नाभीय अंतर नव्हे. ते नेमकं काय आहे हे पुढच्या पायरीत आपोआप दिसेल.

तिसरी पायरी: तेच उत्तर एकेक पृष्ठ धरून काढा

माझ्या मते हे गणित खऱ्या अर्थानं समजतं ते या पायरीत. भिंग म्हणजे दोन गोलीय पृष्ठं, एवढंच. प्रत्येक पृष्ठाला हे एकच सूत्र लागू होतं:

```
n2/v - n1/u = (n2 - n1)/R
```

n1 म्हणजे प्रकाश जिथून येतो त्या माध्यमाचा अपवर्तनांक, n2 म्हणजे तो जिथे शिरतो त्याचा.

सूर्याचे किरण पाण्यातून समांतर येत आहेत, म्हणजे u अनंत आणि n1/u शून्य. पहिलं पृष्ठ, पाण्यातून काचेत, त्रिज्या +१०:

```
1.5/v = (1.5 - 4/3)/10 = (1/6)/10 = 1/60
v = 90 सेंमी
```

काच पुढे संपलीच नसती तर किरण ९० सेंमीवर एकत्र आले असते. पण ती काही मिलिमीटरमध्ये संपते आणि दुसरं पृष्ठ येतं. पहिल्या पृष्ठाची प्रतिमा हीच दुसऱ्याची वस्तू. ती पृष्ठाच्या पलीकडे, उजवीकडे आहे, म्हणून u = +९०. आता काचेतून पाण्यात, त्रिज्या −१५:

```
(4/3)/v = 1.5/90 + (4/3 - 1.5)/(-15)
        = 1/60 + 1/90
        = 1/36
v = 36 × 4/3 = 48 सेंमी
```

तेच ४८. आणि मघाचं ३६ कुठून आलं तेही दिसलं. ते दोन पृष्ठांच्या वाकवण्याची बेरीज उलटी करून आलेलं आहे. प्रकाश शेवटी पाण्यात बाहेर पडतो हे त्यात अजून मोजलेलं नव्हतं. शेवटच्या ४/३ नं गुणल्याशिवाय ते अंतर होत नाही.

चौपट कुठून आलं हेही इथे उलगडतं. हवेत प्रत्येक पृष्ठावर अपवर्तनांकाची उडी ०.५ ची होती, पाण्यात ती १/६ ची राहिली. म्हणजे दोन्ही पृष्ठांची वाकवण्याची ताकद तिसऱ्या हिश्शावर आली. म्हणून अंतर तिप्पट, आणि बाहेर पाणी असल्यामुळे आणखी ४/३ पट. तीन गुणिले ४/३, चार. दोन वेगळी कारणं मिळून ही चौपट होते, हे लक्षात ठेवा. सूर्याच्या ठिपक्याचा आकार मोजताना यातलं एकच कारण उरतं.

आता भिंग उलटं करा. चपटी बाजू पुढे, R1 = +१५ आणि R2 = −१०. पहिल्या पृष्ठानंतर किरण १३५ सेंमीवर जाऊ पाहतात, दुसऱ्यावर १/९० + १/६० = १/३६, म्हणजे पुन्हा ४८. मधला टप्पा बदलला, शेवट तोच. दोन्ही बाजूंना एकच माध्यम असेल तर पातळ भिंग कुठल्याही बाजूनं धरलं तरी चालतं.

चौथी पायरी: एका बाजूला हवा असेल तर

असमान त्रिज्यांचा खरा प्रश्न इथे येतो. समजा टाकीच्या भिंतीला गोल भोक पाडून त्यात हे भिंग बसवलं. बाहेर हवा, आत पाणी, ऊन बाहेरून येतंय. आता भिंगकाराचं सूत्र वापरताच येत नाही, कारण "भोवतालचं माध्यम" असं एक माध्यमच उरलेलं नाही. पृष्ठांची पद्धत मात्र तशीच चालते:

```
n3/v = (n2 - n1)/R1 + (n3 - n2)/R2
```

इथे n1 हवेचा, n2 काचेचा, n3 पाण्याचा. फुगीर बाजू बाहेर, हवेकडे ठेवली तर:

```
(4/3)/v = 0.5/10 + (-1/6)/(-15) = 1/20 + 1/90 = 11/180
v = 21.8 सेंमी
```

चपटी बाजू हवेकडे ठेवली तर:

```
(4/3)/v = 0.5/15 + (-1/6)/(-10) = 1/30 + 1/60 = 1/20
v = 26.7 सेंमी
```

तेच भिंग, तीच टाकी, फक्त भिंग उलटं बसवलं, आणि ठिपका जवळजवळ ५ सेंमी सरकला. कारण सरळ आहे. हवेकडचं पृष्ठ पाण्याकडच्या पृष्ठापेक्षा, त्रिज्या सारखी असती तर, तिप्पट काम करतं. म्हणून जास्त फुगीर पृष्ठ हवेकडे ठेवलं की ते पुरेपूर वापरलं जातं. पाण्याकडे ठेवलं की त्याचा फुगीरपणा बराचसा वाया जातो. दोन्ही त्रिज्या समान असत्या तर हा फरक दिसलाच नसता.

आधी केलेली मार्करची खूण यासाठीच होती.

पाचवी पायरी: टाकीत पडताळा

दोन फुटी, म्हणजे साधारण ६० सेंमी लांबीचा काचेचा फिश टँक लागेल. भिंग एका टोकाच्या भिंतीपासून चार-पाच सेंमी आत, चिकणमातीच्या किंवा मुलांच्या खेळण्यातल्या क्लेच्या गोळ्यात उभं खोचा. बाहेर एक सपाट आरसा ठेवून ऊन आडवं वळवा, म्हणजे ते टाकीच्या टोकाच्या भिंतीतून आत येऊन भिंगावर पडेल. पडदा म्हणून आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण पाण्यात उभं धरा आणि पुढे-मागे सरकवा. आरशात किंवा भिंगातून सूर्याकडे बघू नका, आणि हवेत मोजताना ठिपका कागदावर एका जागी टेकवून ठेवू नका. १२ सेंमीवर तो कागद जाळतो.

टाकीची सपाट भिंत मधे आली तरी काही बिघडत नाही. समांतर किरण सपाट काचेतून पाण्यात शिरले की थोडे वळतात, पण एकमेकांना समांतरच राहतात.

पडद्यावर दिसणारा ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा. हवेत १२ सेंमीवर तिचा व्यास जेमतेम १.१ मिमी असतो, कारण आकाशात सूर्य अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो. पाण्यात अंतर चौपट, म्हणून प्रतिमाही चौपट मोठी होईल अशी अपेक्षा असते. मोजलं तर ती ३.३ मिमीच्या आसपास, म्हणजे तिप्पटच भरते. सूर्याच्या दोन कडांकडून येणाऱ्या किरणांमधला कोन पाण्यात शिरताना ४/३ नं कमी होतो, आणि मघाचा ४/३ चा गुणक इथे कटून जातो. उरते ती फक्त पृष्ठांची तिप्पट. मला हा भाग या प्रयोगातला सर्वांत देखणा वाटतो: फूटपट्टीनं मोजलेल्या दोन आकड्यांतून चौपटीची दोन कारणं वेगळी होतात.

पडदा एखादा सेंटिमीटर मागेपुढे झाला तरी ठिपक्यात फार फरक दिसत नाही, कारण किरण आता फार निमुळत्या शंकूत येत आहेत. तेव्हा ठिपका धूसर होऊ लागतो त्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन जागा मोजा आणि मधली घ्या. असं करूनही दीड-दोन सेंमीची चूक गृहीत धरा.

उत्तर ४८ आलं नाही तर

बहुतेकांना ४८ येत नाही. पण जे येतं त्यावरून कुठे बिनसलं ते ओळखता येतं.

४३ च्या आसपास आलं, तर बहुधा तुमचं काहीच चुकलेलं नाही. तुमची काच १.५० ची नसून १.५२ ची आहे, आणि नेहमीची काच बऱ्याचदा तशीच असते. गणित करून बघा. १.५२ नं हवेतलं f ११.५ सेंमी येतं, म्हणजे १२ पेक्षा फक्त अर्धा सेंटिमीटर कमी. पाण्यात १.५२ ला ४/३ नं भागलं की १.१४, त्यातून १ वजा केला की ०.१४, आणि f = ४२.९ सेंमी. अपवर्तनांकात दोन शतांशांचा फरक, पाण्यात पाच सेंटिमीटरांचा फरक. असं होतं कारण पहिल्या कंसात आता दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी आहे: १.१२५ मधून १. मोठ्या संख्येतली बारीकशी चूक त्या छोट्या उरलेल्या ०.१२५ मध्ये फार मोठी होऊन बसते. पाण्याच्या अपवर्तनांकाचंही तसंच. समुद्राच्या पाण्याचा तो १.३४ च्या जवळ असतो, आणि तेवढ्यानंच आपल्या भिंगाचं f ४८ वरून ५० वर जातं.

यावरचा उपाय म्हणजे काचेचा अपवर्तनांक पुस्तकातून घ्यायचाच नाही. आधी हवेत f नीट मोजा. आकाराचा कंस १/६ हा स्फेरोमीटरनं आलेलाच आहे. मग n_g = १ + ६/f. हवेत ११.५ आलं तर n_g = १.५२. हा आकडा पाण्याच्या सूत्रात घाला आणि मगच टाकीतल्या मापाशी ताडून बघा.

२२ किंवा २७ सेंमीच्या आसपास आलं, तर भिंगाच्या एका बाजूला हवा अडकली आहे. भिंग टाकीच्या भिंतीला चिकटवून बसवलं आणि पाणी नंतर ओतलं की मधे हवेचा कप्पा राहतो, आणि तुम्ही नकळत चौथ्या पायरीचा प्रयोग करता. खात्रीसाठी भिंग त्याच जागी उलटं बसवा. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला तर एका बाजूला हवा आहेच. भिंग पाण्याखाली तिरपं करून दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा, बुडबुडे सुटतील.

आणखी एक घोटाळा लहान टाकी वापरणाऱ्यांचा होतो. समजा भिंगापासून समोरची भिंत फक्त ३० सेंमीवर आहे. ठिपका टाकीच्या बाहेर पडतो, तुम्ही बाहेर हवेत पडदा धरता आणि एकूण अंतर ४३.५ सेंमी भरतं. हा काचेचा दोष नाही. पाण्यात अजून १८ सेंमी जायचे होते, पण किरण हवेत येताच जास्त वेगानं एकत्र येतात आणि ते १८ चे १३.५ होतात. बाहेरच्या भागाला ४/३ नं गुणा, १८ मिळतील, आणि ३० धरून पुन्हा ४८. काच १.५२ ची असल्यानंही ४३ येतं हे आपण पाहिलंच, म्हणून पडदा पाण्यात होता की बाहेर, हे वहीत लिहून ठेवायला विसरू नका.

भिंगाच्या जाडीची काळजी मात्र सोडून द्या. ५ सेंमी व्यासाचं हे भिंग मधे सहा-सात मिलिमीटर जाड असतं. त्यानं हवेतलं f सुमारे एक टक्क्यानं वाढतं, पाण्यात तर त्याहून कमी.

चौपट कुठे लागू होत नाही

दोन्ही बाजूंना पाणी असताना पाण्यातलं आणि हवेतलं f यांचं गुणोत्तर असं येतं:

```
f_w/f_a = (n_g - 1) × n_w / (n_g - n_w)
```

त्रिज्या यात कुठेच नाहीत. १.५ च्या काचेला चार, १.५२ ला ३.७, चष्म्यात वापरतात त्या १.५८६ च्या पॉलिकार्बोनेटला ३.१, आणि १.४९ च्या अॅक्रिलिकला ४.२. भिंगाचा अपवर्तनांक पाण्याच्या जितका जवळ, तितकं पाण्यात ते दुबळं.

आणि पाण्यापेक्षा कमी असेल तर चिन्हच फिरतं. याच आकाराचं पण पोकळ, आत हवा भरलेलं पातळ काचेचं भिंग पाण्यात बुडवा. n_g च्या जागी आता १ येतो, पहिला कंस ३/४ − १ = −१/४ होतो, आणि f = −२४ सेंमी. दिसायला बहिर्गोल, पण किरण फाकवणारं. सूत्रात काही बदलावं लागलं नाही, फक्त आकडे इमानदारीनं घालावे लागले.

डोळ्यातलं भिंग

असमान त्रिज्यांचं आणि पाण्यात राहणारं भिंग प्रत्येकाच्या डोळ्यात असतं. नेत्रशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या, गुलस्ट्रँड यांच्या सोप्या डोळ्याच्या नमुन्यात या नैसर्गिक भिंगाची पुढची त्रिज्या १० मिमी आणि मागची ६ मिमी धरतात, सरासरी अपवर्तनांक सुमारे १.४१३, आणि भोवतालच्या द्रवाचा १.३३६, म्हणजे जवळजवळ पाणीच.

इथे डायॉप्टरबद्दल एक सावधगिरी. नेत्रशास्त्रात भिंगाची शक्ती पृष्ठांच्या बेरजेनं सांगतात, म्हणजे (n_g − n_w) ला आकाराच्या कंसानं गुणून, त्रिज्या मीटरमध्ये घेऊन. टाकीतल्या आपल्या भिंगाची अशी शक्ती २.७८ येते, तर नुसतं १/f केलं की २.०८. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच गणितात मिसळायचे नाहीत. मघाचा ३६ हा २.७८ चाच उलटा आकडा होता.

डोळ्यासाठी हे केलं तर:

```
(1.413 - 1.336) × (1/0.010 + 1/0.006)
= 0.077 × 266.7 = 20.5 डायॉप्टर
```

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हे भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी अॅक्रिलिकचं पहिलं भिंग बसवलं, तेव्हा सुरुवातीच्या रुग्णांना नंतर बराच मोठा उणे नंबर आला. बसवलेलं भिंग गरजेपेक्षा जास्त शक्तीचं ठरलं होतं. अॅक्रिलिकमध्ये असं होणं किती सोपं आहे ते आता तुम्ही स्वतः काढू शकता. आकार नैसर्गिक भिंगाचाच, १० आणि ६ मिमी, ठेवला आणि पदार्थ १.४९ चा घेतला, तर पहिला कंस ०.०७७ वरून ०.१५४ होतो, नेमका दुप्पट, आणि शक्ती ४१ डायॉप्टरवर जाते. हवेत दोघांचे कंस ०.४१३ आणि ०.४९ असते, फरक पाचव्या हिश्शाइतकाही नाही. पाण्यासारख्या द्रवात तो दुप्पट झाला. पुन्हा २०.५ डायॉप्टर हवे असतील तर आकाराचा कंस निम्मा करावा लागतो: पुढची त्रिज्या २० मिमी, मागची १२.